फी भरण्याआधीचे दिवस

भाची पाचवीत असताना माझ्याकडे राहायला आली. वहिनी आधीच गेली होती आणि त्या वर्षी भाऊही गेला. माझं लग्न झालेलं नव्हतं, टेलिफोन खात्यात कायम नोकरी होती आणि पनवेलच्या खांदा कॉलनीत दोन खोल्यांचं स्वतःचं घर होतं. त्यामुळे तेराव्यानंतर नातेवाईक बसले तेव्हा फार चर्चा झालीच नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी हो म्हटलं.

तोपर्यंत मी एकटी राहायला चांगली सरावले होते. एक्स्चेंजमध्ये दिवसभर लोकांचे फोन जोडून द्यायचे आणि घरी आल्यावर रेडिओ लावायचा. ती आल्यावर रेडिओ बंद झाला. तिला अभ्यास करताना आवाज चालायचा नाही. मग ती स्वतःच इतकं बोलायला लागली की रेडिओची आठवणही राहिली नाही. शाळेत कोण रडलं, कोणाचा डबा सांडला, बाई आज कुठली साडी नेसून आल्या होत्या, सगळं मला कळायचं. मी भाकरी थापत ऐकत असायचे. पुढे मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, ती कॉलेजात गेली, मग बालवाडीच्या शिक्षिकेचा कोर्स करून खारघरच्या एका शाळेत लागली. संध्याकाळच्या गप्पा मात्र तशाच राहिल्या. फक्त आता रडणारी मुलं तिच्या वर्गातली असायची.

एके दिवशी ती म्हणाली, “आत्या, मी ऑस्ट्रेलियाला जायचा विचार करतेय.”

मी वाटाणे सोलत होते. “फिरायला?” मी विचारलं.

“शिकायला. लहान मुलांच्या शिक्षणाचा डिप्लोमा. तिकडे या कामाला मान आहे. इथे मला लोक आया समजतात.”

ते खरंच होतं. मागच्याच महिन्यात एका मुलाच्या आईने तिला सगळ्यांदेखत, “पैसे कशाचे घेता मग?” असं विचारलं होतं आणि ती घरी येऊन न जेवता झोपली होती. मी वाटाणे सोलत राहिले. “चांगलं आहे,” म्हटलं. आणखी काय म्हणणार होते?

तिच्या शाळेतली एक शिक्षिका वर्षभरापूर्वी गेली होती. तिच्याच ओळखीने भाची नवीन पनवेलमधल्या एका एजंटकडे पोचली होती. मला दाखवायला म्हणून एका शनिवारी ती मला तिथे घेऊन गेली. मोबाइलच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर ऑफिस होतं. काचेवर निरनिराळ्या देशांचे झेंडे चिकटवलेले, आत एसी आणि कॉफीचं यंत्र. एजंट पस्तिशीचा असेल, अतिशय गोड बोलणारा. मला आधी खुर्ची दिली, मग पाणी, मग त्याने भाचीचं कौतुक केलं. मेलबर्नच्या एका खासगी कॉलेजचं ऑफर लेटर त्याने समोर ठेवलं. त्यावर तिचं नाव छापलेलं होतं. तिच्या जाण्याबद्दल आम्ही बोलत होतो तोवर ती फक्त बोलण्यातली गोष्ट होती. कागदावर आल्यावर ती झालीच असं वाटलं.

“येत्या शुक्रवारपर्यंत पहिल्या सत्राची फी भरायची,” तो म्हणाला. “आमच्या खात्यात टाका, आम्ही पुढे पाठवतो. उशीर झाला तर सीट जाईल.”

“कॉलेज सरकारमान्य आहे ना?” मी विचारलं.

“मॅडम, शंभर टक्के. हा बघा.” त्याने पत्राच्या खालच्या बाजूला छापलेल्या कोडवर बोट ठेवलं. काही आकडे आणि शेवटी एक इंग्रजी अक्षर. “हा क्रायकॉस कोड. परदेशी विद्यार्थी घ्यायची परवानगी असल्याशिवाय तिथलं सरकार हा कोड देतच नाही.”

भाचीने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. बघितलंस ना, असं. मी पत्राची एक झेरॉक्स मागून घेतली आणि आम्ही घरी आलो.

सोमवारी ती शाळेत गेल्यावर मी कॉम्प्युटर लावून बसले. तिच्यावर अविश्वास होता असं नाही. मला दुपारी करायला काही नव्हतं आणि ती जिथे जाणार ती जागा निदान डोळ्यांनी बघावी असं वाटत होतं. कॉलेजच्या संकेतस्थळावर हसणाऱ्या मुलांचे फोटो होते. मग मी क्रायकॉस म्हणजे काय ते शोधलं. ती ऑस्ट्रेलियाच्या सरकारची सगळ्यांना खुली नोंदवही आहे. परदेशी विद्यार्थ्यांना शिकवायची परवानगी असलेल्या सगळ्या संस्था त्यात असतात. बघायला पैसे लागत नाहीत, कुठे नाव नोंदवावं लागत नाही. पनवेलमध्ये बसून मीही बघू शकत होते. मी झेरॉक्सवरचा कोड टाकला आणि कॉलेज आलं. तेच नाव, तोच पत्ता. एजंट खरं बोलला होता.

मी बराच वेळ त्या नावाकडे बघत बसले. मग त्याच पानावर खाली गेले. तिथे त्या कॉलेजला कुठले अभ्यासक्रम शिकवायची परवानगी आहे ते वेगळं दिलेलं होतं, प्रत्येक अभ्यासक्रमाचा स्वतःचा कोड, तो किती काळाचा, कुठल्या इमारतीत चालतो. स्वयंपाकाचे दोन कोर्स होते. व्यवसाय व्यवस्थापनाचे होते. लीडरशिपचा एक डिप्लोमा होता. लहान मुलांच्या शिक्षणाचा कोर्स नव्हता.

मी झेरॉक्स पुन्हा वाचली. तिच्या पत्रावर कॉलेजचा कोड होता, पण अभ्यासक्रमाच्या कोडसमोर ‘अर्ज केला आहे’ एवढंच लिहिलेलं होतं. त्या शनिवारी आमच्यापैकी कोणाचंच त्या ओळीकडे लक्ष गेलं नव्हतं. मग मी उलट्या बाजूने शोधलं, आधी कोर्सचं नाव टाकून. कितीतरी कॉलेजांमध्ये तो कोर्स होता. या कॉलेजमध्ये नव्हता. तिथल्या सरकारच्या विद्यार्थ्यांसाठीच्या पानावर साध्या शब्दांत लिहिलं होतं की संस्था नोंदलेली असणं पुरेसं नाही, तुम्ही घेणार तो कोर्सही नोंदलेला असला पाहिजे, आणि पैसे भरण्याआधी दोन्ही तपासा. नोंदणी नसलेला कोर्स परदेशी विद्यार्थ्याला देऊ करणंच तिथल्या कायद्यात बसत नाही, हेही मी वाचलं.

मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. ती जाणार नाही, एवढंच डोक्यात आलं. मी उठून चहा केला आणि गॅलरीत उभी राहून प्यायले. खाली शाळेच्या बसमधून उतरलेली मुलं पाण्याच्या बाटल्या हलवत पळत होती. चहा संपेपर्यंत मला कळून चुकलं होतं की आता हे तिला सांगायचं आहे आणि ते सांगणारी नेमकी मी आहे.

जेवताना सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, हात धुतले, कॉम्प्युटर लावला आणि स्वतः पाहिलं.

“कॉलेज आहे की यात,” ती म्हणाली.

“कॉलेज आहे. तुझा कोर्स नाही.”

“अजून आला नसेल. अर्ज केलाय असं लिहिलंय.”

“अर्ज मंजूर होईपर्यंत ते तुला प्रवेश देऊ शकत नाहीत, असं लिहिलंय तिथे.”

ती खुर्ची वळवून माझ्याकडे बघायला लागली. “आत्या, खरं सांग. तुला मी जायलाच नकोय ना?”

“नकोय,” मी म्हटलं. “पण तो कोर्स यादीत नाही, ते काही मी नको म्हटल्यामुळे नाही.”

मग तिने एजंटला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर ठेवला. त्याला जराही आश्चर्य वाटलं नाही.

“रजिस्ट्रेशन येणारच आहे, काळजी नको. आणि नाही आलं तरी मार्ग आहे. आपण तुमचं अ‍ॅडमिशन लीडरशिप डिप्लोमात दाखवू. तो नोंदलेला आहे, त्यामुळे कॉलेजकडून प्रवेशाचं प्रमाणपत्र मिळेल आणि व्हिसाही होईल. तिकडे पोचल्यावर कोर्स बदलून घ्यायचा. सगळे तेच करतात.”

मी मध्ये बोलले. “आणि व्हिसाच्या अर्जात काय लिहायचं? लीडरशिप शिकायला चाललेय म्हणून?”

“ते आम्ही लिहितो मॅडम. तुम्ही टेन्शन घेऊ नका.”

“सही तिची असणार ना?”

तो हसला. भाचीने, “नंतर बोलते,” म्हणून फोन ठेवला. मला वाटलं, आता पटलं असेल. पण तिचा राग माझ्यावरच होता. “तुला त्याला असं उलटतपासणीसारखं विचारायची काय गरज होती?” एवढंच म्हणून ती आतल्या खोलीत गेली.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवतात, कारण त्यांत काही घडलं नाही. ती सकाळी निघायची, संध्याकाळी यायची, “जेवलीस?” “हो,” एवढं बोलणं व्हायचं. तिच्या वर्गात कोण रडलं ते मला कळेनासं झालं. ती घरात असताना घर रिकामं वाटायचं हे मी पहिल्यांदाच अनुभवत होते. तिच्या खोलीच्या दाराखालून उजेड दिसायचा आणि मी स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत बसायचे. माझं म्हणणं खोटं नव्हतं. पण ते माझ्या तोंडून आलं होतं, आणि ती गेली तर एकटी पडणारीही मीच होते. अशा माणसाचं कोण खरं मानेल? तिच्या जागी मी असते तर मीही मानलं नसतं.

मधल्या काळात एजंटचे फोन चालूच होते. शुक्रवार जवळ आला तसा मला राहवेना. तिच्या दाराशी उभी राहून मी म्हटलं, “माझं ऐकू नकोस. त्याचंही ऐकू नकोस. कॉलेजलाच विचार.”

“कसं विचारू? पत्रावर त्याचाच ईमेल आहे.”

“पत्रावरचा नको घेऊस. सरकारी नोंदीवरून कॉलेजच्या स्वतःच्या साइटवर जा, तिथला घे.”

मी परत स्वयंपाकघरात गेले. पण थोड्या वेळाने तिने दार उघडलं आणि म्हणाली, “स्पेलिंग तपासून देशील?” मी चष्मा घेऊन गेले. मेल तिने चांगला लिहिला होता. या कोर्सला परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश आहे का, त्याची नोंदणी झाली आहे का, आणि मला पत्र देणारा हा माणूस तुमचा एजंट आहे का, असे तीन प्रश्न. तिसरा मला सुचला नव्हता. नंतर कळलं की कॉलेजने आपल्या एजंटांची नावं आपल्या साइटवर द्यायचीच असतात. ती तिने आधीच शोधली होती आणि त्यांत हा सापडला नव्हता. म्हणजे दाराआड ती नुसती रुसून बसली नव्हती.

शुक्रवार आला. तिने फी भरली नाही. एजंटचा फोन आला तेव्हा तिने मोबाइल उशीखाली ठेवला आणि माझ्यासमोर येऊन बसली.

कॉलेजचं उत्तर पुढच्या आठवड्यात आलं. ती शाळेतून येताना रिक्षातच वाचत आली होती. आल्याबरोबर मोबाइल माझ्या हातात दिला. मजकूर सभ्य आणि थोडक्यात होता. हा डिप्लोमा आम्ही सध्या फक्त स्थानिक विद्यार्थ्यांना शिकवतो. परदेशी विद्यार्थ्यांसाठी त्याची नोंदणी झालेली नाही, त्यामुळे असा प्रवेश आम्ही देत नाही. तुम्ही नाव लिहिलेली व्यक्ती आमच्यातर्फे काम करत नाही. कृपया त्यांना पैसे देऊ नका आणि मिळालेलं पत्र आम्हाला पाठवा.

मी वाचून वर पाहिलं तर ती चपला न काढताच गॅलरीत जाऊन उभी होती. मी मागे गेले. ती रडत नव्हती.

“मी शाळेत सांगून टाकलं होतं,” ती म्हणाली. “सगळ्यांना. निघतेय म्हणून.”

माझा हात तिच्या पाठीवर होता. बरोबर ठरण्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही.

एजंटकडे तिच्या सर्टिफिकेटांच्या मूळ प्रती होत्या, त्या आणायला आम्ही शनिवारी दोघी गेलो. तो दुसऱ्या कोणाशी आत बोलत होता, म्हणून बाहेरच्या बाकावर बसलो. शेजारी साठीचे एक गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, हातात प्लास्टिकची फाइल. ते उरणकडच्या एका गावचे, जमीन विकून आलेल्या पैशातून मुलाला पाठवणार होते. मुलगा बाहेर गाडी लावत होता. फाइलीवर मला त्याच कॉलेजचं चिन्ह दिसलं.

मला राहवलं नाही. “फी भरायला आलात का?”

“आज भरायचीच हाय,” ते म्हणाले. “पोराला जेवन बनवायचा कोर्स करायचा हाय तिकडं. शेफ. तुमची पोरगी पन तितंच?”

“तिथेच जाणार होती. तिचा कोर्स नोंदलेला नव्हता.”

त्यांचा चेहरा उतरला. “म्हंजे? कॉलेज खोटं हाय?”

“कॉलेज खरं आहे काका,” भाची म्हणाली. ती त्या दिवसभरात पहिल्यांदाच नीट बोलत होती. “पण ज्याला जो कोर्स घ्यायचाय तो वेगळा तपासावा लागतो. पत्र दाखवा बघू.”

तिने मोबाइलवर ती सरकारी नोंद उघडली. त्यांच्या पत्रावर कोर्सचा कोड होता. तिने तो टाकला, आणि कोर्स आला. कॉलेज तेच, नाव तेच. पत्रावर मेलबर्नच्या ज्या इमारतीचा पत्ता होता, तीही तिथे होती. तिने एकेक गोष्ट त्यांना बोटाने दाखवली.

“मंग आमचं बरोबर हाय? आमी भरू?”

भाचीने पत्र पुन्हा एकदा वाचलं. मी तिच्याकडे पाहिलं. एकाच कॉलेजची दोन पत्रं, दोन्ही याच माणसाने दिलेली, आणि त्यातलं एक खरं असू शकत होतं.

“एवढंच कळतं,” ती सावकाश म्हणाली, “की त्या कॉलेजला हा कोर्स तुमच्या मुलाला शिकवायची परवानगी आहे. हे पत्र कॉलेजनेच दिलंय का, ते यावरून कळत नाही. हा माणूस त्यांचा एजंट नाही असं त्यांनी मला लिहून कळवलंय. तुम्ही मुलाला कॉलेजला सरळ मेल करायला सांगा. उत्तर येईपर्यंत थांबा. आणि भरायचीच झाली तर कॉलेजच्या खात्यात भरा, याच्या नाही.”

“तो बोलतो आज नाय भरली तर सीट जाईल.”

“मलाही तेच म्हणाला होता.”

ते फाइल मांडीवर धरून बसून राहिले. तेवढ्यात दार उघडलं आणि एजंट हसत बाहेर आला. आम्हाला पाहून त्याचं हसू जरा आखूड झालं. भाचीने आत न जाता तिथेच उभ्या उभ्या सर्टिफिकेटं मागितली. त्याने कारण विचारलं. तिने कॉलेजचा मेल त्याच्यासमोर धरला. तो वाचून म्हणाला, “कम्युनिकेशन गॅप आहे, दुसऱ्या ब्रँचमधून आलं होतं ते.” ती म्हणाली, “सर्टिफिकेटं द्या.” त्याने दिली.

जिन्यात तो मुलगा वर येताना भेटला, किल्ली बोटाभोवती फिरवत. त्याच्या वडिलांनी काय केलं ते मला माहीत नाही. आम्ही त्यांचा नंबर घ्यायला विसरलो. कधीकधी वाटतं, थांबले असतील. कधी वाटतं, मुलासमोर मान खाली जाऊ नये म्हणून भरलेही असतील. कॉलेजने मागितलेलं पत्र भाचीने त्याच संध्याकाळी पाठवून दिलं. काही महिन्यांनी त्या काचेवरचे झेंडे गेले आणि तिथे कोचिंग क्लास आला. एजंट कुठे गेला, कोणी सांगितलं नाही.

मला वाटलं होतं आता हा विषय संपला. तिनेही काही दिवस तसंच दाखवलं. शाळेत तिला रोज कोणीतरी विचारायचं, “अजून इथेच?” ती हसून वेळ मारून न्यायची आणि घरी येऊन माझ्यावर चिडायची. मी ऐकून घ्यायचे. निदान आवाज तरी होता घरात.

मग तिने इंग्रजीची परीक्षा पुन्हा द्यायचं ठरवलं. पहिल्यांदा गुण जरा कमी पडले होते, म्हणून विद्यापीठाचा नाद सोडून ती त्या कॉलेजच्या मागे लागली होती. या वेळी तिने मला समोर बसवून बोलायचा सराव केला. “तुमच्या गावाबद्दल सांगा,” असं मी इंग्रजीत विचारायचे आणि ती पनवेलबद्दल बोलायची. असं बोलायची की मलाच पनवेल नवीन वाटायचं. गुण आले. तिने एका विद्यापीठाला अर्ज केला, मध्ये कोणालाही न घेता.

ऑफर आली त्या संध्याकाळी तिने आधी मला हाक मारली. “आत्या, तू वाच, मी टाइप करते.” मी पत्र हातात धरून विद्यापीठाचा कोड मोठ्याने वाचला, एकेक आकडा, जसे पूर्वी एक्स्चेंजमध्ये नंबर वाचायचे. विद्यापीठ आलं. मग कोर्सचा कोड. कोर्स आला. नाव शब्दाला शब्द जुळलं, कालावधी जुळला, कुठल्या शहरात शिकवणार तेही जुळलं. फी कुठल्या खात्यात भरायची ते विद्यापीठाने स्वतः पाठवलेल्या प्रवेशाच्या करारात होतं. जुळवायचं आणखी काही उरलं नव्हतं.

तरी मी म्हटलं, “पुन्हा एकदा बघूया का?”

तिने माझ्याकडे पाहिलं. पुन्हा सगळं टाइप केलं. पुन्हा सगळं आलं. मग तिने खुर्ची जवळ ओढून माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि आम्ही दोघी त्या पडद्याकडे बघत बसलो. मी मनापासून शोधत होते, कुठे एखादी चूक असेल तर. ती नव्हती.

फी भरली, प्रवेशाचं प्रमाणपत्र आलं, त्यावर व्हिसाचा अर्ज गेला. अर्जात तिने जे खरं होतं तेच लिहिलं, लहान मुलांना शिकवायला शिकायचंय. व्हिसा झाला. विमानतळावर ती आत गेल्यावर मी काचेतून बघत राहिले, ती सामानाच्या रांगेत पुढच्या बाईच्या रडणाऱ्या बाळाला टाळ्या वाजवून हसवत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. बरंच झालं.

आता ती तिथे आहे. आठवड्यातले काही दिवस विद्यापीठ, काही दिवस एका बालवाडीत काम शिकणं. रविवारी तिचा फोन येतो. तिची दुपार असते तेव्हा माझी सकाळ. सुरुवातीला ती खूप बोलायची, आता जरा कमी. तिथे तिला बोलायला माणसं मिळाली असतील, आणि तेच चांगलं आहे असं मी स्वतःला सांगते. घरात मी एकटीसाठी भात लावते तो नेहमी जास्त होतो. दुसऱ्या दिवशी फोडणीचा करते. दुपारी कॉलनीतल्या बागेत एक फेरी, संध्याकाळी पोर्चमधल्या खुर्चीवर वॉचमनशी पावसापाण्याच्या दोन गोष्टी, मग घर. तिची खोली मी रोज झाडते. तिथे धूळ बाकीच्या घरापेक्षा कमी बसते, कारण कोणी वावरत नाही.

गेल्या रविवारी ती नेहमीपेक्षा थकलेली वाटली. मी विचारलं तर म्हणाली, “काही नाही गं. एक मुलगा आहे वर्गात, कुठल्या तरी लांबच्या देशातला. त्याला इंग्रजी येत नाही. दिवसभर कोणाशीच बोलत नाही. परवा मी निघताना त्याने माझा दुपट्टा धरून ठेवला, सोडेचना.”

“मग तू काय केलंस?”

“त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. त्याची आई येईपर्यंत. मराठीत बोलत होते त्याच्याशी, काहीबाही. तू भाकऱ्या कशा थापतेस ते सांगितलं.”

“कळलं का त्याला?”

“कळलं नसेल,” ती म्हणाली. “पण ऐकत होता.”

फोन चालू होता. तिच्याकडून कुठल्या तरी पक्ष्याचा आवाज येत होता, इथे कधी न ऐकलेला. माझ्याकडे कुकरची शिट्टी झाली.

“कसली डाळ?” तिने विचारलं.

“मुगाची,” मी म्हटलं, आणि गॅस बारीक करायला उठले.